तूप झालं, हे कानाला आधी कळतं

घरच्या लोण्याचं तूप कढवताना डोळे पातेल्यात असतातच, पण खरी खबर कान देतात. लोण्यात साधारण पाचव्या हिश्श्याइतकं पाणी असतं, ताक नीट निथळलं नसेल तर त्याहूनही जास्त. तूप कढवायचं ते मुख्यतः हे पाणी घालवण्यासाठी.

अर्धा किलो लोणी घ्या. गार पाण्यात दोन-तीनदा, पाणी नितळ निघेपर्यंत धुवा. ताक राहिलं तर बेरी जास्त पडते आणि तळाला लागते. जाड बुडाच्या मोठ्या पातेल्यात मध्यम आचेवर ठेवा, कारण फेस वर येतो. लोणी वितळलं की तडतड सुरू होते. ही तडतड पाण्याची. भरपूर पाणी आहे तोवर तापमान शंभर अंशांच्या फारसं वर जात नाही. मग आवाज मंदावतो, मोठे बुडबुडे जाऊन बारीक फेस उरतो. इथेच आच अगदी कमी करा. पाणी संपलं की तापमान झपाट्याने चढतं आणि पुढचा सगळा खेळ दोन-चार मिनिटांचा असतो.

आता रंग पाहायचा तो बेरीचा, तुपाचा नव्हे. गाईचं तूप मुळातच पिवळं आणि म्हशीचं पांढरट, त्यामुळे तुपाचा रंग फसवतो. चमच्याने फेस बाजूला सारून तळ पाहा. बेरी पांढरी असेल तर तूप कच्चं आहे. त्याला लोण्याचा वास राहतो आणि ते टिकत नाही. बेरी फिकट बदामी झाली, तूप पारदर्शक दिसलं आणि खमंग वास सुटला की गॅस बंद करा. पातेल्याच्या उष्णतेनेच ती आणखी तांबूस होते. तांबूस होईपर्यंत थांबलात तर गाळेपर्यंत ती काळपट होईल, आणि तो करपट वास काही केल्या जात नाही. मात्र त्या धास्तीने तूप लवकर उतरवणं मला जास्त चुकीचं वाटतं. बेरी भाजताना तिच्यातले काही घटक तुपात उतरतात आणि तेच खवटपणा लांबवतात.

अर्धा किलो लोण्याचं साडेतीनशे ते चारशे ग्रॅम तूप व्हावं. कोमट झालं की बारीक गाळणीतून गाळा. बेरीचे कण राहिले तर तूप लवकर बिघडतं. रवाळ हवं असेल तर फ्रीजमध्ये न ठेवता ओट्यावरच सावकाश निवू द्या. झाकण पूर्ण गार झाल्यावरच लावा, नाहीतर वाफेचं पाणी परत तुपात पडतं.

खवट वास येतो तो हवा, उजेड आणि ओलाव्यामुळे. कोरडी स्टीलची किंवा काचेची बरणी गळ्यापर्यंत भरा, म्हणजे आत हवा कमी राहते, आणि ती अंधाऱ्या फडताळात ठेवा. तांब्या-पितळेचं भांडं टाळा, कारण तांब्यामुळे तूप लवकर खवट होतं. रोजच्या वापराचं तूप छोट्या डब्यात काढून घ्या आणि चमचा कोरडाच घाला. जुन्या तुपावर नवं ओतू नका: तळचं खवट असेल तर नवंही त्याच वाटेने जातं, आणि पुन्हा कढवून तो वास निघत नाही.