सांडपाण्यातलं कॅडमियम: मशीन नक्की कुणाचा प्रकाश मोजतंय?

प्लेटिंग कारखान्याच्या सांडपाण्यात कॅडमियम किती आहे, हे आयसीपी-ओईएस मशीन प्रकाशावरून ओळखतं. आर्गॉनच्या प्लाझ्मात नमुन्याचा फवारा गेला की प्रत्येक धातू आपापल्या तरंगलांबीचा प्रकाश देतो.

कॅडमियमची २१४.४३८ नॅनोमीटरची रेषा ठळक आहे, पण लोखंडाची एक रेषा तिला अगदी चिकटून असते. पाण्यात लोखंड भरपूर असेल तर कॅडमियम नसतानाही आकडा दिसू शकतो. २२८.८०२ वर लोखंडाचा त्रास कमी, पण तिथे आर्सेनिक आडवं येतं. म्हणून दोन्ही रेषा मोजा. उत्तरं जुळली नाहीत तर नुसतं लोखंडाचं आणि नुसतं आर्सेनिकचं द्रावण चालवून पाहा, चोर सापडतो.

क्षार जास्त असले की सिग्नल घटतो. त्यासाठी सगळ्या द्रावणांत सारखंच यट्रियम घालतात. त्याचा सिग्नल ८० टक्केच आला, तर कॅडमियमचे ०.४० मिलिग्रॅम प्रति लिटर म्हणजे खरे ०.५०. पण त्यात लोखंडाचा प्रकाश मिसळलेला असेल, तर ती चूकही तितकीच फुगते.

फवाऱ्याचा आर्गॉन मिनिटाला साधारण ०.६ ते ०.८ लिटर ठेवतात. तो फार वाढवला तर नमुना प्लाझ्मातून भरकन निघून जातो, नीट तापत नाही आणि क्षारांचा त्रास आणखी वाढतो.