घराच्या सांध्यांतील कूस, खुंटी आणि पाचर

कल्याण तालुक्यांतील आमच्या जुन्या घराची पडवी सागवानी खांबांवर उभी आहे. चार वर्षांपूर्वीं आश्विनांत तिच्या एका तुळईचा सांधा हालतो असें दिसल्यावरून मीं त्यावर लोखंडी पट्टी घालून वर एक व खालीं एक असे दोन बोल्ट आंवळून घेतले. पुढील वैशाखांत त्या दोन बोल्टांच्या मधोमध तुळईस हातभर तडा गेला. शेजारचे जुने सांधे मात्र शाबूत होते.

याचें कारण असें कीं, लांकूड लांबींत जवळजवळ बदलत नाहीं. रुंदींत मात्र पावसाळ्यांत फुगतें व उन्हाळ्यांत आटतें. आठ इंच रुंदीचा साग सुमारें अर्धें सूत कमीजास्त होतो. मीं फुगलेलें लांकूड दोन ठिकाणीं जखडलें. तें आटूं लागतांच त्यास जागा मिळाली नाहीं व तें फाटलें.

जुन्या सुताराची रीत निराळी. तुळईच्या टोकास तो जाडीच्या तिसऱ्या हिश्शाची जीभ ठेवतो, तीच कूस. ती खांबाच्या भोकांतून आरपार काढून बाहेरच्या टोकांतील खांचेंत पाचर ठोकतात. खांचेची आंतली कड खांबाच्या थोडी आंत असली पाहिजे; तरच पाचर खांबावर दाबते. खांब आटून सांधा सैल झाला तर पाचरीवर दोन ठोके पुरतात.

कूस आरपार नसेल तेथें खुंटी येते. कुशींतील भोक खांबाच्या भोकापेक्षां अर्धें सूत तुळईच्या खांद्याकडे पाडतात, म्हणजे खुंटी जातांना कूस आंत ओढली जाते. खुंटी वाळलेल्या, कठीण लांकडाची व मधोमध एकच असावी. मग तिच्या वरखालीं लांकूड मोकळेपणीं आटतें.

अशा सांध्याची खरी कसोटी भूकंपांत लागते. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी भागांत दगडमातीच्या जाड भिंती कोसळल्या. परंतु जेथें माळवद स्वतंत्र लांकडी खांबांवर होतें, तेथें अनेक ठिकाणीं भिंती बाहेर पडूनही छप्पर उभें राहिलें. हादऱ्यांत सांधा किंचित् वळतो व लांकूड लांकडावर घासून कांहीं जोर जिरतो. भिंतीवरच टेकलेल्या छपरास ही सोय नसते.

मात्र भोकामुळें खांब तेथेंच दुबळा होतो, आणि पाणी व वाळवी प्रथम तेथेंच शिरतात. वैशाखांत प्रत्येक सांधा पाहावा. नुसती बारीक फट असेल तर पाचर ठोकावी. भुसा गळत असेल, टोला पोकळ वाजत असेल किंवा खुंटी बोटानें फिरत असेल, तर आंतील कूस कुजली असें समजून आधीं तुळईस टेकू द्यावा व मगच सांधा उकलावा. आमच्या तुळईची पट्टी काढून मीं नवी कूस जोडून घेतली. त्यानंतर दोन वैशाख गेले, तडा वाढलेला नाहीं.