लिफ्ट आहे, पण खुर्ची मावते का?

‘लिफ्ट आहे ना, काळजी करू नका.’ व्हीलचेअर वापरणारा माणूस भाड्याचं घर शोधू लागला की एजंटकडून हे उत्तर हमखास मिळतं. एजंट खोटं बोलत नसतो, लिफ्ट खरंच असते. पण तिच्यापर्यंत पोचायला तीन पायऱ्या चढाव्या लागतात, किंवा खुर्ची आत गेली तरी लिफ्टचं दार मिटत नाही. वर पोचलंच, तर बाथरूमचं दार खुर्चीपेक्षा बोटभर अरुंद निघतं. हे घर बघायला गेल्यावर कळलं, तर टॅक्सीचे पैसे, सोबतच्या माणसाची रजा आणि अंगातली ताकद सगळंच वाया जातं. म्हणून घर यादीत घेण्याआधी फोनवरच मापं मागायला हवीत.

एक उदाहरण घेऊ. समजा, एका बाईंची नाशिकहून पुण्याला बदली झाली आहे. त्या हाताने चालवायची घडीची खुर्ची वापरतात. आधार धरून क्षणभर उभ्या राहू शकतात, पण पायरी चढू शकत नाहीत. घरांच्या चौकशीआधी त्यांनी स्वतःच्या खुर्चीचं माप घ्यायला हवं. बसायची जागा १८ इंच, हे दुकानातलं माप इथे कामाचं नाही. चाकाबाहेरच्या कड्यांसकट रुंदी मोजली, ती भरली ६४ सेंटिमीटर. मागच्या चाकापासून बसलेल्या माणसाच्या बुटाच्या टोकापर्यंत लांबी ११० सेंटिमीटर. चाक फिरवताना बोटं सोलू नयेत म्हणून दारात दोन्ही बाजूंना थोडी जागा हवी, तेव्हा समोरून सरळ शिरायचं असेल तर ७५ सेंटिमीटर मोकळं दार बरं. अरुंद पॅसेजमधून वळून शिरायचं असेल तर त्याहून जास्त.

आता दाराचं माप. एजंट सांगतो, ‘बाथरूमचं दार अडीच फुटी आहे.’ अडीच फूट म्हणजे ७६ सेंटिमीटर, मग खुर्ची जाईल असं वाटतं. पण हे माप बहुतेक वेळा चौकटीच्या बाहेरच्या कडांमधलं असतं. लाकडी चौकट दोन्ही बाजूंना सहा-सहा सेंटिमीटर घेते, उरले ६४. दार काटकोनात उघडलं की पल्ल्याची जाडी आणखी दोनेक सेंटिमीटर खाते, उरले ६२. खुर्ची ६४ची. दारामागे वॉशिंग मशीन असेल आणि पल्ला पूर्ण उघडत नसेल, तर तेवढंही मिळत नाही. त्यामुळे ‘दार किती रुंद आहे’ असं विचारू नये. दार पूर्ण उघडून, पल्ल्याच्या आतल्या बाजूपासून समोरच्या चौकटीपर्यंत टेप धरा आणि फोटो पाठवा, असं सांगावं. तीन फुटी दाराचं असंच मोजलं तर ७७च्या आसपास भरतं आणि खुर्ची जाते. म्हणूनच हॉल आणि बेडरूम जमून जातात आणि घर नेमकं बाथरूमच्या दाराशी अडतं.

लिफ्टचीही तीच गत. ‘आठ जणांची लिफ्ट’ हे वजनाचं माप झालं, खुर्चीसाठी खोली महत्त्वाची. आपल्याकडच्या प्रमाण मापांनुसार सहा जणांची लिफ्ट ११० सेंटिमीटर रुंद आणि १०० खोल असते, दार ७०. आठ जणांची १३० रुंद, ११० खोल, दार ८०. बाईंची खुर्ची ११० लांब. सहाच्या लिफ्टमध्ये दार मिटणारच नाही. आठच्या लिफ्टमध्ये बुटाचं टोक भिंतीला आणि मागचं चाक दाराला टेकेल, म्हणजे रोज अडकणार. खुर्ची आत नेऊन आडवी करावी म्हटलं, तर वळायला लागणारी जागाच नसते. फूटरेस्ट बाजूला वळणारे असतील तर पंधराएक सेंटिमीटर वाचतात, पण मग पाय सांभाळायला सोबत माणूस हवा. दहा जणांची लिफ्ट १३५ खोल असते. तिथून पुढे बाई एकट्या जाऊ शकतात, आणि बाजूला एक माणूस उभाही राहू शकतो. राष्ट्रीय इमारत संहितेच्या २००५च्या आवृत्तीने अपंग व्यक्तींसाठी तेरा जणांची लिफ्ट धरली होती, दोन मीटर रुंद, ११० सेंटिमीटर खोल, दार ९०. ती ऐसपैस असते, पण खोली आठच्या लिफ्टइतकीच, त्यामुळे आत शिरून तिरकं व्हावं लागतं.

जुन्या इमारतींत जाळीच्या दोन दारांची लिफ्ट असते. ती दारं खुर्चीत बसून ओढणं अवघड, आणि गोळा झालेली जाळी रुंदीतले काही सेंटिमीटर खाते. वरच्या मजल्यावर कुणी जाळी उघडी सोडली की लिफ्ट खाली येतच नाही. लिफ्ट मजल्याच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली थांबत असेल तर खुर्चीची पुढची लहान चाकं त्या फटीत अडकतात. चार मजली जुन्या इमारतीला नंतर लिफ्ट जोडली असेल, तर ती कधी कधी जिन्याच्या मधल्या टप्प्यावर उघडते आणि अर्धा जिना उरतोच. लिफ्टला जनरेटर आहे का, हेही विचारायचं. वीज गेली तर बाई खालीच अडकतील.

फाटकापासून लिफ्टपर्यंतचा रस्ता मात्र फोटोत कळत नाही. स्टिल्ट पार्किंगची इमारत सपाट वाटते, पण पावसाचं पाणी शिरू नये म्हणून लिफ्टसमोरची जागा एक-दोन पायऱ्या उचललेली असते. पायऱ्या असतील तर किती, हे विचारायचं, आणि रॅम्प असेल तर त्याची लांबी मागायची. एक सेंटिमीटर चढायला बारा सेंटिमीटर लांबी हा मान्य उतार. तीन पायऱ्या म्हणजे साधारण ४५ सेंटिमीटर, त्यासाठी रॅम्प ५.४ मीटर हवा. तिथे दोन मीटरचा सिमेंटचा उतार दिसला, तर तो स्कूटर चढवायला केलेला आहे. खुर्ची त्यावरून मागे उलटू शकते.

बाईंनी एजंटला पाठवायचा निरोप असा असू शकतो: ‘नमस्कार दादा. मी व्हीलचेअर वापरते. कृपया सोसायटीच्या फाटकापासून लिफ्टमधून वर बाथरूमपर्यंत एक सलग व्हिडिओ काढाल का? मध्ये बंद करू नका. लिफ्टच्या आतली खोली, लिफ्टचं दार आणि बाथरूमचं दार, या तिन्हींवर टेप धरून फोटो हवा. लिफ्ट किमान १२५ सें.मी. खोल आणि दार किमान ६८ सें.मी. मोकळं असेल तरच बघायला येईन, म्हणजे तुमचाही वेळ वाचेल.’ दाराचा आकडा ७५च्या खाली मुद्दाम ठेवला आहे. ६८मध्ये खुर्ची जपून जाते, आणि ७५वर अडून बसलं तर जुन्या भागातली जवळपास सगळी घरं बाद होतील. एजंट माप द्यायला टाळाटाळ करत असेल, तर त्या घरासाठी फेरी मारू नये.

समजा, तीन व्हिडिओ आले. पहिल्या घराची लिफ्ट १०० खोल, ते बाद. दुसऱ्यात सगळं जमतं, पण लिफ्टआधी दोन पायऱ्या आहेत. रॅम्प सोसायटीच्या जागेत येणार, त्याला कमिटीची परवानगी लागणार, आणि ३.६ मीटर जागा पार्किंगमधून कोण देणार? घरमालक ‘होऊन जाईल’ म्हणाले तरी कमिटीचं लेखी पत्र येईपर्यंत ते घर यादीबाहेरच ठेवावं. तिसऱ्यात लिफ्ट १३५ खोल, रस्ता सपाट, फक्त बाथरूमचं दार ६२. हे घर बघायला जावं, कारण ही अडचण एकट्या घरमालकाच्या संमतीने सुटते. पल्ला काढून बाहेरच्या भिंतीवर सरकतं दार बसवलं की चौकटीची पूर्ण जागा मिळते, ६४. तरीही खुर्ची घासतेच. लाकडी चौकटीऐवजी पातळ ग्रॅनाइटची चौकट बसवली, तर ७० सहज मिळतात. बाथरूमच्या दारातला उंबरठा त्याच कामात काढता येतो, पण पाणी बाहेर येऊ नये म्हणून आतला उतार तपासून घ्यावा लागतो.

कायद्याची बाजू थोडक्यात. अपंग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६चा. ८ नोव्हेंबर २०२४ रोजी राजीव रतुरी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सुगम्यतेचे किमान निकष बंधनकारक करण्याचा आदेश केंद्र सरकारला दिला. तो निकाल मोलाचा आहे, पण त्याने पुण्यातल्या तीस वर्षं जुन्या इमारतीचं दार उद्या रुंद होत नाही. भाडेकरूच्या हातात अकरा महिन्यांचा लीव्ह अँड लायसन्स करार असतो, आणि त्यात चार ओळी घालून घेता येतात. चौकट बदलायची आणि कमोडजवळ धरायचा बार बसवायची परवानगी, तो खर्च कोण करणार, घर सोडताना चौकट पूर्ववत करायची की नाही, आणि त्यासाठी डिपॉझिटमधून काही कापायचं नाही. हे टोकन देण्याआधी लिहून घ्यावं. टोकन दिल्यावर ‘चौकटीला हात लावायचा नाही’ असं कळलं, तर ते पैसे परत मिळवायला भांडावं लागतं.