युद्ध पेटले आणि सोने घसरले!

युद्ध म्हटले की सोने महागणार, हे आपल्याकडे आजीबाईसुद्धा सांगतील. म्हणूनच १७ जानेवारी १९९१ या दिवसाचे कोडे अनेकांना सुटले नव्हते. त्या दिवशी भारतात पहाट होत असताना अमेरिका व मित्रराष्ट्रांच्या विमानांनी बगदादवर बॉम्बहल्ले सुरू केले. सोन्याने उसळी मारावी अशी याहून मोठी बातमी कोणती? प्रत्यक्षात भाव जरासा वर गेला आणि मग जो कोसळला, तो न्यूयॉर्कचा बाजार बंद होईपर्यंत औंसामागे सुमारे ३० डॉलरने खाली आला. आदल्या दिवशी ४०० डॉलरच्या घरात असलेले सोने ३७५ च्या आसपास येऊन थांबले.

हे का झाले, ते समजायला पाच महिने मागे जावे लागते. इराकने कुवेत गिळंकृत केला तो २ ऑगस्ट १९९० रोजी. त्याआधी औंसाचा, म्हणजे सुमारे ३१ ग्रॅमचा, भाव ३७० डॉलरच्या आसपास होता. त्याच महिन्यात तो ४१० च्या वर गेला. पुढे संयुक्त राष्ट्रसंघाने इराकला माघारीसाठी १५ जानेवारीची मुदत दिली. युद्ध होणार आणि साधारण कधी होणार, हे जगाला जवळजवळ तारखेनिशी ठाऊक झाले होते. ज्यांना युद्धाच्या भीतीने सोने घ्यायचे होते, त्यांनी ते केव्हाच घेऊन ठेवले होते. भाव वाढायला नवा गिऱ्हाईक लागतो. १७ तारखेला तो उरलाच नव्हता. उरले होते ते विकायला आतुर असलेले.

त्यात भीतीचे कारणही काही तासांत विरले. खरी धास्ती तेलाची होती. सौदी अरेबियाच्या विहिरी पेटल्या तर तेल भडकेल, त्यामागून सगळीच महागाई वाढेल आणि पैशाची किंमत घटेल, म्हणून सोने धरून ठेवायचे, असा हिशेब होता. पण पहिल्याच रात्री मित्रराष्ट्रांच्या विमानांचे नुकसान फारच थोडे झाले, सौदीचे तेल सुरक्षित राहिले आणि अमेरिकेने आपल्या राखीव साठ्यातले तेल बाजारात सोडण्याचे जाहीर केले. पिंपामागे ३२ डॉलर असलेले तेल एका दिवसात १० डॉलरहून अधिक उतरले. अमेरिकेतील शेअरबाजाराचा डाऊ जोन्स निर्देशांक ११४ अंकांनी चढला. सोन्याच्या पायाखालची वाळूच सरकली.

तरीही एका दिवसात ३० डॉलर? याचे उत्तर वायदेबाजारात आहे. न्यूयॉर्कला सोन्याचा एक सौदा १०० औंसांचा असतो. समजा, एखाद्याने ४०० डॉलर भावाने एक सौदा घेतला. माल ४० हजार डॉलरचा, पण हाती द्यावी लागते ती थोडी अनामत. उदाहरणादाखल अडीच हजार धरू. भाव ३० डॉलरने उतरला की तोटा ३ हजारांचा. म्हणजे अनामत तर गेलीच, वर पाचशे खिशातून. दलालाचा फोन येतो, ‘पैसे भरा, नाहीतर सौदा विकतो.’ पैसे नसले की सौदा मिळेल त्या भावात विकला जातो. त्याने भाव आणखी उतरतो आणि पुढच्या माणसाला तसाच फोन जातो. युद्धाबद्दल कोणाचे मत बदलले म्हणून ही विक्री होत नाही. ती नाइलाजाची विक्री असते.

मग युद्ध म्हणजे मंदी, असे समजायचे का? तसेही नाही. ११ सप्टेंबर २००१ चा न्यूयॉर्कवरील हल्ला कोणाच्या स्वप्नातही नव्हता. त्या दिवशी लंडनला सोने २७१ डॉलरवरून २८७ पर्यंत चढले. कारण आधी कोणीच खरेदी करून ठेवली नव्हती. उलट रशियाने २४ फेब्रुवारी २०२२ रोजी युक्रेनवर हल्ला केला, तेव्हा कित्येक आठवडे चर्चा चालू होती. सोने सकाळी १,९७० डॉलरपर्यंत गेले आणि त्याच दिवशी १,९०० च्या आसपास उतरले. मात्र तेव्हा धास्ती विरली नाही, वाढली. मार्चच्या दुसऱ्या आठवड्यात भाव २,००० च्या वर गेला होता. तेव्हा बातमीपेक्षा आधीच्या पाच-सहा आठवड्यांचा भाव पाहणे जास्त उपयोगाचे. तो आधीच चढून बसलेला असेल, तर बातमीची किंमत त्यात धरली गेली, असे समजावे.

१९९१ ची ती घसरण आपल्या सराफकट्ट्यावर मात्र जशीच्या तशी उतरली नाही. तेव्हा सोन्याच्या आयातीवर बंदी होती, चोरट्या मार्गाने येणाऱ्या बिस्किटांवर बाजार चाले आणि इथला भाव जागतिक भावाच्या बराच वर असे. त्यातच जुलैमध्ये रुपयाचे अवमूल्यन झाले. परदेशात सोने वर्षअखेरीस ३५५ डॉलरच्या आसपास रेंगाळत होते, पण डॉलरच महागल्याने ती सगळीच स्वस्ताई रुपयात येता येता आटून गेली होती.