कुट्टू, गहू आणि उपवासाचे पीठ

नवरात्राचे घट बसावेत आणि पाठोपाठ उत्तर हिंदुस्थानातील एखाद्या शहरातून कुट्टूच्या पिठाने माणसे आजारी पडल्याचे वृत्त यावे, हा क्रम आता वाचकांच्या परिचयाचा झाला आहे. २०२५ च्या सप्टेंबरात, घटस्थापनेच्या दुसऱ्याच दिवशी, दिल्लीच्या जहांगीरपुरी भागातील शंभरावर माणसे ओकाऱ्या आणि पोटदुखीने हैराण होऊन इस्पितळात गेली, तेव्हाही सर्वांच्या तोंडी नाव आले ते याच पिठाचे. त्याच सुमारास पुण्यामुंबईच्या दुकानांतून हेच पीठ ‘ग्लूटेनमुक्त’ आणि ‘उपवासाचे’ अशा दुहेरी बिरुदासह विकले जात होते. आपल्या उपवासाची भिस्त साबुदाणा, वरी, राजगिरा आणि शिंगाडा यांच्यावर. कुट्टू आपल्याकडे आला तो उत्तरेकडील मंडळींबरोबर आणि ‘कुट्टीनो दारो’ म्हणून त्याला ओळखणाऱ्या गुजराती शेजाऱ्यांच्या स्वयंपाकघरातून. तेव्हा हा जिन्नस मुळात कोण, गव्हाचा तो कोणी लागतो की काय, आणि ही दोन बिरुदे त्याला कोणत्या आधारावर लाभली, याची रुजवात एकदा नीट करून घेणे अगत्याचे आहे.

गव्हाशी त्याचे नाते नाही. निदान ज्याला कुळसंबंध म्हणता येईल असे मुळीच नाही. गहू हे गवत आहे, आणि ज्वारी, बाजरी, भात, ऊस, एवढेच काय पण बांधावरची हरळीदेखील त्याच्या गोतातली. कुट्टूचे सगेसोयरे पाहायचे असतील तर भाजीबाजारात जाऊन आंबट चुक्याची जुडी उचलावी. चुका जून होऊन फुलावर आला की त्याच्या पेरापेरांवर देठाला वेढणारा एक पातळ, कागदासारखा पडदा दिसतो, आणि गुलाबी पापुद्र्याच्या आत जे बी सापडते त्याला तीन धारा असतात. पेराभोवतीचा तो पडदा आणि ते तिधारी बी ही दोन्ही चिन्हे कुट्टूच्या लालसर देठाच्या, पानाच्या आकाराने बदामाची आठवण देणाऱ्या रोपावर जशीच्या तशी आढळतात, कारण दोघेही एकाच कुळातले. वैद्यांची रेवाचिनीही त्याच घरची. आणखी एक पायरी वर चढून पाहिले तर राजगिरा, पालक आणि चाकवत यांचे कुळही याच शाखेवर बसलेले आहे, म्हणजे उपवासाच्या ताटात राजगिऱ्याचा लाडू आणि कुट्टूची पुरी शेजारी आली तर दूरचे का होईना, पण नातलगच एकत्र जेवायला बसले असे समजावे. गवतांची शाखा आणि ही शाखा यांची फारकत होऊन दहा कोटींहून अधिक वर्षे लोटली आहेत.

दाणा आडवा चिरून भिंगाखाली धरला तर ही फारकत डोळ्यांना दिसते. गव्हाच्या दाण्यात अंकुर एका टोकाला चिकटलेला असतो आणि बाकीचा सारा ऐवज पिठाचा. कुट्टूच्या दाण्यात मात्र अंकुराची दोन दले घडी घातल्याप्रमाणे पांढऱ्या पिठातून वळसे घेत गेलेली दिसतात. ही घडी लक्षात ठेवावी, पुढे तिचे काम पडणार आहे. युरोपीय लोकांनी याच्या नावात गहू घातला तो केवळ उपयोगावरून: दाणा दळावा, भाकरी करावी, पोट भरावे. रशियात त्याचा शिजवलेला दाणा, जपानात त्याच्या शेवया, फ्रान्सच्या ब्रिटनी प्रांतात त्याची धिरडी, असा त्याचा प्रवास झाला. मूळ मुलूख मात्र चीनचा नैर्ऋत्य भाग. क्योतो विद्यापीठाचे ओमी ओनिशी यांनी युन्नान प्रांतात त्याचा रानटी पूर्वज शोधून काढला, आणि हा निकाल आता सर्वमान्य आहे.

ग्लूटेनचा प्रश्न पुस्तकापेक्षा परातीत अधिक लवकर सुटतो. गव्हाच्या कणकेचा मुटका घट्ट मळून अर्धा तास मुरवावा आणि मग पाण्याच्या बारीक धारेखाली हलक्या हाताने चोळत राहावा. पांढरे दुधाळ पाणी वाहून जाते, ते पिष्ट. आणि शेवटी मुठीत उरतो तो करडा, ओढला की ताणणारा आणि सोडला की आखडणारा रबरासारखा गोळा, ते ग्लूटेन. बोलोन्याचे बेक्कारी यांनी अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात हाच प्रयोग करून गव्हातील हे प्रथिन पहिल्यांदा वेगळे करून दाखवले. आता कुट्टूच्या पिठाचा मुटका त्याच धारेखाली धरावा. तो फुटतो, विरघळतो, वाहून जातो, आणि हातात काही राहत नाही. कारण असे की, गव्हाने आपल्या अंकुरासाठी जी प्रथिनांची शिदोरी बांधून ठेवली आहे ती ग्लायडिन आणि ग्लूटेनिन या दोन प्रकारची असून, पाणी लागून मळली गेली की ती एकमेकांत गुंतून जाळे विणतात. कुट्टूची शिदोरी मुख्यतः डाळींच्या प्रथिनांच्या जातीची आहे, ती पाण्यात किंवा मिठाच्या पाण्यात विरघळते आणि जाळे विणत नाही. म्हणूनच कुट्टूची पुरी लाटताना फाटते, आणि अनुभवी गृहिणी त्यात उकडलेला बटाटा किंवा अळकुडी कुस्करून घालते, अथवा पिठाला कढत पाण्याची उकड देते, म्हणजे प्रथिनाकडून जे काम झाले नसते ते फुगलेले पिष्ट काही अंशी उरकते.

हे जाळे ज्यांच्या आतड्याला सोसत नाही, त्यांच्या व्याधीचा उलगडा ज्या गृहस्थाने केला त्याचे नाव आपल्याकडे फारसे कोणी घेत नाही, आणि ते घेतले पाहिजे असे मला मनापासून वाटते. विलेम कारेल डिके हे हेग शहरातील बालरुग्णालयाचे वैद्य. सीलिअ‍ॅक या विकाराने खंगत जाणारी मुले त्यांच्या हाताखाली होती, आणि गव्हावर त्यांचा संशय १९४४ च्या आधीपासूनच होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात जर्मन अमलाखालील हॉलंडच्या पश्चिम भागात दुष्काळ पडला, पाव मिळेनासा झाला, तेथील माणसे उपाशी राहू लागली. आणि अशा त्या भयंकर काळात ही मुले मात्र सुधारू लागली. पुढे पाव परत आला तेव्हा दुखणेही परतले. केवळ या निरीक्षणावर न विसंबता डिके यांनी मुलांना ठरावीक काळ गहू देऊन, मग थांबवून, त्यांचे वजन आणि न पचता बाहेर पडणारी चरबी मोजली, आणि १९५० साली उत्रेख्त येथे प्रबंध सादर केला. गहू व राय यांच्यातील एक प्रथिन दोषी आहे, शुद्ध पिष्ट नव्हे, हे त्यांच्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून निश्चित झाले. आज त्याचे कारणही ठाऊक आहे: या प्रथिनाचे काही तुकडे पाचकरसांना दाद देत नाहीत, ते अखंड राहून आतड्याच्या अस्तरापर्यंत पोहोचतात, आणि विशिष्ट जन्मजात प्रकृतीच्या माणसात शरीराची संरक्षणयंत्रणा त्यांच्यावर तुटून पडताना ते अस्तरच उद्ध्वस्त करते. गहू, जव आणि राय या तीन जवळच्या भावंडांतच असे तुकडे धोक्याच्या प्रमाणात सापडतात. कुट्टू त्या भावकीबाहेरचा असल्याने तो सुटला.

येथवर आल्यावर काही मंडळी उत्साहाने म्हणतात की, पाहा, आपल्या पूर्वजांना हे ग्लूटेनचे गूढ अवगत होते, सबब त्यांनी उपवासाला गहू वर्ज्य केला. या विधानाचा मी आदरपूर्वक परंतु स्पष्ट प्रतिवाद करतो. तांदूळ, ज्वारी आणि बाजरी यांत ते प्रथिन नाही, तरीही ती धान्ये उपवासाला चालत नाहीत. मग कोणी म्हणतो, गवतवर्गीय धान्ये तेवढी वर्ज्य. परंतु वरी हे तर निखालस गवत आहे, आणि आषाढी एकादशीला घरोघर तिचाच भात शिजतो. शास्त्राची साक्ष काढावी तर बटाटा, शेंगदाणा, मिरची आणि ज्या कंदापासून साबुदाणा होतो तो कंद, हे सारे अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या काळात वा त्यानंतर आलेले. उपवासाच्या यादीचे मर्म वनस्पतिशास्त्रात नाही, ते ‘अन्न’ या कल्पनेत आहे: जे नांगरलेल्या शेतात पिकते आणि रोजच्या जेवणाचा कणा असते ते बाजूला ठेवायचे, आणि रानातले, पाण्यातले, मातीखालचे जे मिळेल त्यावर देह चालवायचा. ऋषिपंचमीला बैलाच्या श्रमाचे खायचे नाही हा आपल्याकडचा नियम याच कल्पनेचा सर्वांत निर्मळ अवशेष होय. मैदानी प्रदेशातील माणसाच्या रोजच्या ताटात कुट्टू कधीच नव्हता. तो डोंगरावरून येणारा परका दाणा, म्हणून तो फलाहारात सामावला गेला, असे माझे मत आहे. हिमाचलाच्या किन्नौर भागात, जेथे अडीच-तीन महिन्यांत हाती येणारे हे पीक ओगला आणि फाफरा या नावांनी उंच वाफ्यांवर घेतात, तेथे त्याची भाकरी हे रोजचेच जेवण आहे. कोथिंबीर चालते की नाही यावर जेथे एकाच गल्लीतील दोन घरांचे एकमत होत नाही, तेथे सर्व मुलखाला लागू होणारे एकच कारण शोधणे व्यर्थ आहे.

दोन बिरुदे स्वतंत्र आहेत, एकावरून दुसरे सिद्ध होत नाही, हे सांगण्याचा अट्टाहास एवढ्यासाठी की, यातून खऱ्या रुग्णाचे नुकसान होते. ‘उपवासाचे पीठ’ एवढ्यावर विश्वासून सीलिअ‍ॅकचा रोगी ते खातो, आणि ते दळलेले असते त्याच गिरणीत, जिच्या जात्यात सकाळपासून गहू चाललेला. ग्लूटेनमुक्त म्हणवणाऱ्या पदार्थात दर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा अधिक ग्लूटेन असता कामा नये, अशी आपल्या सरकारची मर्यादा आहे. जात्याच्या पाळीत अडकलेली मूठभर कणीक ती सहज ओलांडू शकते. जपानी शेवयांतही बहुधा पाचवा हिस्सा गव्हाचा असतो, त्यामुळे त्या पाकिटावरील तपशील वाचल्याशिवाय अशा रोग्याने घेऊ नयेत. शिवाय थोड्या माणसांना खुद्द कुट्टूचेच तीव्र वावडे असते, आणि जपानात तर पदार्थात कुट्टू असल्यास तसे वेष्टनावर छापण्याची सक्ती आहे.

आता विषबाधेविषयी. दाण्यात वळसे घेत गेलेल्या त्या अंकुरदलांत तेल असते. दाणा दळला की ते तेल आणि त्याला फोडणारी विकरे एकत्र मिसळतात, हवा लागते, आणि पीठ खवट होऊ लागते. मागल्या नवरात्रात उरलेला माल चैत्रात, चैत्रातला शरदात खपवण्याची रीत या पिठाला मुळीच मानवत नाही, कारण महिना-दीड महिन्यापलीकडे, विशेषतः पावसाळी हवेत, ते टिकत नाही आणि त्यात बुरशी धरते. फाफरा जातीचे पीठ जात्याच कडवट असते, तेव्हा केवळ कडू चवीवरून निर्णय करू नये. शिळ्या तेलाचा वास आणि गुठळ्या ही खरी खूण. दुसरा धोका अधिक गंभीर. २००३ साली स्लोव्हेनियात कुट्टूच्या पदार्थांनी ७३ माणसांना त्रास झाला, आणि तपासाअंती पिठात धोत्र्याच्या बिया दळल्या गेल्याचे आढळले, कारण धोत्रा कुट्टूच्या शेतात तण म्हणून उगवतो आणि त्याचे बी कापणीत दाण्यांबरोबर येते. ओकारी आणि जुलाब असतील तर संशय शिळ्या पिठावर घ्यावा. परंतु तोंड कोरडे पडणे, बुबुळाची बाहुली विस्फारणे, दृष्टी अंधुक होणे आणि माणूस असंबद्ध बोलू लागणे ही लक्षणे दिसली तर धोत्र्याचा संशय धरून क्षणाचाही विलंब न लावता इस्पितळ गाठावे, आणि उरलेले पीठ फेकून न देता तपासणीसाठी बरोबर न्यावे. ज्यांना खातरजमा हवी त्यांनी पीठ न घेता अख्खा दाणा घ्यावा, तो ताटात पसरून निवडावा, तिधारी दाण्यांतून चपटे, मूत्रपिंडाच्या आकाराचे काळपट बी दिसले तर सारा दाणा बाजूला काढावा, आणि चार दिवसांपुरतेच पीठ घरच्या जात्यावर किंवा मिक्सरवर काढून घट्ट झाकणाच्या डब्यात थंड जागी ठेवावे.