वरच्या मजल्यावर ड्रिल चालू आहे : शेजाऱ्याला जर्मनमध्ये सहा ओळींची चिठ्ठी

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचणं सोयीचं पडतं, त्यांच्यासाठी हा या भागाचा लिखित मजकूर. जर्मन वाक्यं मी बोललो तशीच देवनागरीत ठेवली आहेत.

मी मूळचा सोनारीचा, परंडा तालुक्यातला. भैरवनाथाच्या देवळामुळे गाव बऱ्याच जणांना माहीत असतं. सध्या लाइपझिगमध्ये भाड्याच्या घरात दुसऱ्या मजल्यावर राहतो आणि सॉफ्टवेअरचं काम करतो. ऑक्टोबर 2025 मध्ये माझ्या डोक्यावरच्या फ्लॅटमध्ये बाथरूमच्या जुन्या फरश्या फोडायचं काम निघालं. त्याच सुमारास मंगळवारी, 14 तारखेला, दुपारी 2 ते 3 या वेळात मला घरून ग्राहकाला डेमो द्यायचा होता. मी अजून प्रोबेत्साइटमध्ये होतो, म्हणजे नोकरीच्या परीक्षा-काळात. हा काळ जास्तीत जास्त सहा महिन्यांचा असतो आणि त्यात दोन आठवड्यांच्या नोटिशीवर नोकरी जाऊ शकते. त्यामुळे तो एक तास शांत मिळणं मला फार गरजेचं होतं.

गावाकडे काय करतो आपण? कुंपणाशी जाऊन हाक मारायची, "ओ काका, तेवढं दुपारचं जरा थांबवता का?" काम झालं. इथे दार वाजवलं तर आत फक्त कारागीर, मालकीणबाई बाहेर. म्हणून चिठ्ठी.

लिहायच्या आधी आपल्याला मागण्याचा हक्क काय आहे ते समजून घेऊ. जर्मनीत रात्री 10 ते सकाळी 6 शांतता पाळायची असते. रविवारी आणि सणाच्या सुट्टीला ड्रिल चालत नाही. शनिवार मात्र कामाचा दिवस धरतात. बऱ्याच इमारतींच्या हाउसऑर्डनुंगमध्ये, म्हणजे घराच्या नियमावलीत, दुपारी 1 ते 3 विश्रांतीची वेळ लिहिलेली असते. आमच्या इमारतीच्या नियमावलीत ती नव्हती. म्हणजे मंगळवारी दुपारी 2 वाजता फरशी फोडणं पूर्णपणे नियमात बसणारं होतं. याचा अर्थ माझी चिठ्ठी तक्रार असूच शकत नाही. ती विनंतीच असायला हवी, आणि विनंती जितकी नेमकी, तितकं समोरच्याला हो म्हणणं सोपं.

आता चिठ्ठी:

"लीबे नाखबारिन, लीबर नाखबार,
इश वोने इम त्स्वाइटन श्टॉक, डिरेक्ट उंटर ईनन. झाइट मोंटाग ह्यॉर्ट मान बाय मिअर दी बोरआर्बाइटन रेश्ट डॉइटलिश.
आम दीन्सटाग, डेम फीअरत्सेन्टन ऑक्टोबर, हाबे इश फॉन फीअरत्सेन बिस फ्युन्फत्सेन ऊअर आयनन विश्टिगन टेर्मीन ऑनलाइन.
वेअरं एस म्योग्लिश, इन डीझर श्टुंडे निश्ट त्सू बोरन?
उंड क्योन्टन झी मिअर झागन, वी लांगे दी आर्बाइटन नोख डाउअर्न? डान कान इश मिश दाराउफ आइनश्टेलन.
फीलन डांक उंड फीले ग्र्यूसे"

अर्थ साधा आहे. प्रिय शेजारी, मी दुसऱ्या मजल्यावर, तुमच्या बरोबर खाली राहतो. सोमवारपासून ड्रिलचं काम माझ्याकडे बऱ्यापैकी स्पष्ट ऐकू येतंय. मंगळवारी 14 ऑक्टोबरला 14 ते 15 या वेळात माझं महत्त्वाचं ऑनलाइन काम आहे. त्या तासात ड्रिल न करणं शक्य होईल का? आणि काम अजून किती दिवस चालेल ते सांगाल का? म्हणजे मला तशी तयारी करता येईल. मनापासून आभार आणि नमस्कार.

या चिठ्ठीत 'लेर्म' हा शब्द कुठेच नाही, तो मी मुद्दाम टाळला. लेर्म म्हणजे गोंगाट, आणि गोंगाट म्हटलं की ठपका आलाच. त्याऐवजी 'बोरआर्बाइटन', म्हणजे ड्रिलचं काम. हे फक्त काय चाललंय ते सांगतं, कुणाला दोष देत नाही.

दुसरी गोष्ट क्रियापदाची. आपण मराठीत विनंती मऊ करतो ती 'जरा', 'तेवढं', 'ना' असे छोटे शब्द पेरून. जर्मनमध्येही असे शब्द आहेत, पण चिठ्ठीत मुख्य भार क्रियापदाच्या रूपावर असतो. 'वेअरं एस म्योग्लिश' हे आपल्या 'जमेल का?' च्या अगदी जवळचं. 'क्योन्टन झी' म्हणजे 'कराल का', 'सांगाल का'. हे लिहिताना ओ वर दोन टिंबं हवीतच. ती विसरली तर शब्द 'कोन्टन' होतो, आणि वाक्य विचारतं, 'तुम्हाला सांगता आलं का?' विनंतीचा भूतकाळ होऊन बसतो. आणि 'झी' म्हणजे आपलं आदराचं तुम्ही. अनोळखी शेजाऱ्याला तेच. लिहिताना त्याचं पहिलं अक्षर कॅपिटल हवं, नाहीतर तोच शब्द 'ती' किंवा 'ते लोक' होतो.

तिसरी गोष्ट वेळेची, आणि इथे मराठी माणसाला गंमत वाटेल. जर्मनमध्ये 'हाल्ब ड्राय' म्हणजे शब्दशः 'अर्धा तीन', आणि वेळ होते अडीच. इंग्रजीच्या सवयीने आपण साडेतीन समजून बसतो. पण आपला 'अडीच' हा शब्दही संस्कृत 'अर्धतृतीय' वरूनच आलाय, म्हणजे तिसरा अर्धा. दोन्हीकडे हिशोब एकच! तरी चिठ्ठीत कोडं नको. 24 तासांच्या घड्याळाप्रमाणे 14 ते 15 लिहा, आणि वारासोबत तारीखही.

सही करताना दारावरच्या बेलपाटीवर असेल तेच आडनाव लिहा. इथे बहुतेक इमारतींत फ्लॅटला नंबर नसतो, पत्ता म्हणजे पाटीवरचं नाव. खाली फोन नंबर द्या. चिठ्ठी त्यांच्या टपालपेटीत टाका, जिन्यात चिकटवू नका. चार लोकांनी वाचली की विनंतीची जाहीर तक्रार होते.

मी चिठ्ठी गुरुवारी टाकली. शनिवारी माझ्या पेटीत उत्तर आलं: फोडायचं काम शुक्रवारपर्यंत चालेल, मंगळवारी 2 ते 3 कारागीर दुसरं काम करतील. डेमो शांततेत झाला. पण मला जास्त उपयोगी पडलं ते 'शुक्रवारपर्यंत'. उरलेले दिवस मी सरळ ऑफिसला गेलो.

चिठ्ठीची मर्यादाही सांगतो. रविवारी ड्रिल चालू झालं, किंवा काम आठवडेच्या आठवडे लांबलं, तर तारीख, कधीपासून कधीपर्यंत आणि कसला आवाज, एवढं रोज टिपून ठेवा. याला लेर्मप्रोटोकोल म्हणतात. ते जोडून घरमालकाला लेखी कळवा. आवाज शेजाऱ्याचा असला तरी राहण्यात मोठा अडथळा येत असेल, तर जर्मन नागरी कायद्याच्या कलम 536 प्रमाणे भाडं कमी होऊ शकतं. पण किती कमी, हे स्वतः ठरवून पैसे कापू नका. अंदाज चुकला तर ती थकबाकी ठरते आणि घर सोडायची पाळी येऊ शकते. आधी मीटरफेराइन, म्हणजे भाडेकरू संघाचा सल्ला घ्या.

आजच्यापुरतं एवढंच. पुढच्या भागात भेटू.