काळजाच्या दाराला चुना बसतो

माझ्या शेजारी एक तात्या राहतात. वय ७८. पिंगुळीहून कुडाळच्या बाजाराला ते पायीच जात. गेल्या वर्षी चढावर थांबू लागले. मी विचारले, तर म्हणाले, "मास्तरानू, वय झाला मा, दम लागतलोच." मग त्यांनी बाजारच सोडला आणि सांगू लागले, "आता काय एक त्रास नाय." चढ चढलाच नाही, तर त्रास होणार कुठून?

एके सकाळी गवताचा भारा उचलताना तात्या खाली पडले. मिनिटभर शुद्ध नव्हती. डॉक्टरांनी छातीला नळी लावली, तेव्हा काळजाच्या ठोक्याबरोबर खरखर ऐकू आली. त्यांनी इकोची तपासणी करायला सांगितली. इकोत काळीज पडद्यावर हलताना दिसते.

काळजातून रक्त अंगभर जाते, त्या वाटेवर एक दार आहे. त्याला झडप म्हणतात. तिला तीन पातळ पाकळ्या असतात. म्हातारपणी त्यांवर चुना साचतो. (पानाला लावतो तो चुना नव्हे. पान खाऊन हा रोग होत नाही.) पाकळ्या ताठ होतात आणि वाट अरुंद होते. चांगली झडप रुपयाच्या नाण्याएवढी उघडते. तात्यांची शर्टाच्या बटणाएवढीच उघडत होती.

हे व्हायला बरीच वर्षे लागतात. काळीज जास्त जोर लावून काम निभावते, म्हणून माणसाला कळत नाही. पण चढावर दम लागला, छातीत आवळले, किंवा कष्ट करताना घेरी आली, की काळजाचा जोर संपत आला असे समजावे. त्यानंतर झडप बदलली नाही, तर दोन-तीन वर्षांत निम्मे रोगी दगावतात. चुना विरघळवणारे औषध अजून निघालेले नाही.

झडप दोन रीतींनी बदलतात. पहिल्या रीतीत छातीचे हाड कापतात. काळीज थांबवून त्याचे काम तेवढा वेळ यंत्रावर चालवतात. जुनी झडप काढून नवी शिवतात. नवी झडप धातूची असली तर पुष्कळ वर्षे टिकते, पण रक्त पातळ ठेवणारी गोळी जन्मभर घ्यावी लागते आणि रक्तही तपासत राहावे लागते. जनावराच्या पडद्याची असली तर ही कटकट बहुधा नसते, पण ती दहा-पंधरा वर्षांनी झिजते.

दुसरी रीत फ्रान्सचे डॉक्टर क्रिबिए यांनी २००२ साली प्रथम केली. जांघेच्या रक्तवाहिनीतून बारीक नळी काळजापर्यंत नेतात. तिच्यातून मिटलेली झडप जाते आणि जुन्या झडपेच्या आतच उघडते. जुनी बाजूला दाबली जाते, काढत नाहीत. छाती कापावी लागत नाही. मात्र ही झडप फार महाग असते. कधी तिच्या कडेने रक्त झिरपते. कधी ठोके मंद पडून पेसमेकर बसवावा लागतो. जांघेची वाहिनी अरुंद असेल तर नळी जात नाही. म्हणून आधी सीटी स्कॅन करतात.

तात्यांची वाहिनी रुंद निघाली आणि वयही फार होते, म्हणून डॉक्टरांनी नळीची रीत निवडली. पन्नाशीच्या माणसाला ते बहुधा छाती उघडून धातूची झडप बसवा असेच सांगतील. तात्यांनी एकच विचारले, "पडदो खंयच्या जनावराचो?" डॉक्टर म्हणाले, "गाई-बैलाचा." तात्या थोडा वेळ गप्प बसले, मग सही केली.